आधी ‘ना’, मग बोट : ओबीएसमध्ये आवाज मागे सरकवण्याच्या नोंदी

५ जुलै

सरांचे तबल्याचे धडे रेकॉर्ड करून परगावच्या विद्यार्थ्यांना पाठवायचं काम माझ्याकडे आलंय. मिरजेतल्या वाड्याची माडी, विंडोज १० चा लॅपटॉप, साधा यूएसबी वेबकॅम, यूएसबीचाच कंडेन्सर माइक आणि ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. सगळं घरात होतं तेच, नवीन खर्च काही नाही.

पहिला कायदा, म्हणजे विस्तार करत वाजवायची तबल्यातली रचना, रेकॉर्ड करून सरांना दाखवला. अर्ध्या मिनिटात त्यांनी थांबवायला लावलं. "अरे, बोट चाटेवर पडायच्या आधीच ‘ना’ वाजतोय. हे बघून शिकेल तो आयुष्यभर घाईत वाजवेल."

बरोबर होतं त्यांचं. चित्र मागे राहतंय आणि आवाज पुढे पळतोय. माइकचा आवाज ओबीएसकडे जवळजवळ लगेच पोचतो. कॅमेऱ्याला मात्र आधी प्रकाश गोळा करायचा, मग फ्रेम दाबून लहान करायची, ती यूएसबीवरून पाठवायची आणि लॅपटॉपने ती पुन्हा उलगडायची, एवढी कामं असतात. नुसता बोलणारा चेहरा असता तर कदाचित खपून गेलं असतं. तबल्यात प्रत्येक आघात डोळ्यांना दिसतो, त्यामुळे लपत नाही.

सरांच्या मुलाने तेच रेकॉर्डिंग ब्लूटूथ इअरफोन लावून पाहिलं आणि "मला तर ठीक वाटतंय दादा" म्हणाला. ब्लूटूथ स्वतःच आवाज उशिरा पोचवतं, म्हणून तिकडे चूक झाकली गेली. यापुढे तपासणी वायरच्या हेडफोनवरच, आणि शक्यतो कानाने नाहीच, वेव्हफॉर्म म्हणजे आवाजाचा आलेख बघून.

६ जुलै

ओबीएसमध्ये यासाठी जागा आहे. Edit मेनूत Advanced Audio Properties उघडायचं. तिथे प्रत्येक ऑडिओ सोर्सच्या ओळीत Sync Offset नावाचा रकाना असतो, मिलिसेकंदांत. तिथे धन आकडा लिहिला की तो आवाज तेवढा उशिरा जातो. आपल्याला हेच हवंय, कारण उशिरा येणाऱ्या चित्राला लवकर आणता येत नाही, आवाजालाच थांबवून ठेवावं लागतं.

कुठल्याशा व्हिडिओत "२०० टाका, सुटेल" असं सांगितलं होतं, तेच आधी टाकून पाहिलं. सरांनी या वेळी उलट तक्रार केली : बोट पडतंय, उचललं जातंय आणि मग ‘ना’ येतोय. म्हणजे २०० जास्त झाले. दुसऱ्याच्या कॅमेऱ्याचा आकडा आपल्या कॅमेऱ्याला लागू होत नाही, एवढं यातून कळलं. कॅमेऱ्याचं मॉडेल, रिझोल्यूशन आणि उजेड, तिन्ही बदलले की आकडा बदलतो.

आकडा उणे केला तर काय होतं तेही पाहून घेतलं. -१३० लिहिल्यावर आवाज आणखी पुढे पळाला आणि चूक दुपटीच्या आसपास गेली. उणे आकडा आवाजच मागे पडत असेल तेव्हासाठी आहे, इथे त्याचा उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट. ओबीएसमधून स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकत, समोरच्या प्रीव्ह्यूकडे बघत आकडा ठरवायला बसलात तर फसाल. ऐकायची वाट वेगळी, रेकॉर्ड व्हायची वाट वेगळी. खरं काय ते फाइलमध्ये कळतं.

८ जुलै : मोजणी

अंदाज पुरे. टाळीने मोजलं.

ओबीएस सेकंदाला ३० फ्रेमवर, रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये, Sync Offset परत शून्यावर. सर जिथे बसतात तिथेच बसून, कॅमेऱ्याकडे हात आडवे धरून, थोड्या थोड्या अंतराने टाळ्या वाजवल्या. हात आडवे यासाठी की तळवे एकमेकांना टेकल्याची फ्रेम स्पष्ट दिसावी; कॅमेऱ्याच्या दिशेने हात पुढे करून वाजवलं तर टेकले कधी ते कळत नाही. तबल्यावरच्या ‘ना’ने मोजायचाही प्रयत्न केला होता, पण बोट इतकं थोडं उचललं जातं की समोरच्या कॅमेऱ्यातून नेमकी फ्रेम सांगता येईना.

फाइल शॉटकटमध्ये टाइमलाइनवर टाकली. फुकट एडिटर आहे, खाली वेव्हफॉर्म दिसतो आणि बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे सरकता येतं. पहिल्या टाळीचा आवाज २१२ व्या फ्रेमवर उसळला होता. तळवे टेकलेले दिसले २१६ व्या फ्रेमवर. फरक चार फ्रेमचा. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ३३.३ मिलिसेकंद, तेव्हा चित्र साधारण १३३ मिलिसेकंद मागे. पुढच्या टाळ्यांतही बहुतेक चारच, मधे एखादी तीन, एखादी पाच. एका फ्रेमची इकडेतिकडे होणारच, कारण टाळी दोन फ्रेमच्या मधे कुठेही पडू शकते. म्हणून एका टाळीवर भरवसा ठेवू नये.

एडिटरची कटकट नको असेल तर व्हीएलसीमध्ये फाइल चालू करून `K` दाबत राहायचं. प्रत्येक वेळी आवाज ५० मिलिसेकंद मागे जातो, `J` ने परत पुढे येतो. जिथे बरं वाटेल तो आकडा स्क्रीनवर दिसतोच. टप्पे मोठे आहेत, पण शंभरच्या घरात आहोत की तीनशेच्या हे दोन मिनिटांत समजतं.

माइकसमोर १३० लिहिलं. परत टाळ्या, परत शॉटकट : उसळी आणि टेकलेले तळवे एकाच फ्रेमवर किंवा एक फ्रेम पुढेमागे. सरांनी कायदा बघितला आणि काहीच बोलले नाहीत. ती पावती समजायची.

९ जुलै : रात्री गणित बिघडलं

काल दुपारी जुळलेलं संध्याकाळच्या बैठकीत जुळेना. सेटिंग तेच, जागा तीच, आणि चित्र पुन्हा मागे. टाळ्या मोजल्या तर माइक १३० वर असूनही चित्र अजून दोन-तीन फ्रेम मागे.

व्हीएलसीत `E` दाबून फ्रेम एकेक करून सरकवल्यावर कारण सापडलं. दर दुसऱ्या दाबाला चित्र जागचं हलतच नव्हतं. फाइल ३० फ्रेमची असली तरी कॅमेरा सेकंदाला १५ च वेगळी चित्रं देत होता आणि ओबीएस तीच दोनदा वापरत होतं. खोलीत पिवळा बल्ब आणि एक म्हातारी ट्यूब. अंधार झाला की वेबकॅम आपणहून शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. ३० फ्रेम द्यायच्या तर एका फ्रेमला ३३ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ घेता येत नाही, म्हणून तो फ्रेमच कमी करतो. चित्र उजळ दिसतं, बोटं पुसट होतात आणि उशीर वाढतो.

यावर दिवसाचा एक आणि रात्रीचा एक असे दोन आकडे ठेवणं हा उपाय नाही. जुलै महिना आहे, भर दुपारी ढग दाटले की खोलीत संध्याकाळ होते. एकाच रेकॉर्डिंगच्या मध्यात कॅमेरा ३० वरून १५ वर उतरेल. Sync Offset हा एकच ठरलेला आकडा असतो, तो आपणहून बदलत नाही. म्हणून आधी कॅमेऱ्याचा उशीर स्थिर करायला हवा, मग आकडा.

११ जुलै : उजेड आणि कॅमेरा

बाजारातून एलईडीची चार फुटी ट्यूब आणली, फिटिंगसकट साडेतीनशे रुपये. सरांच्या समोर, कॅमेऱ्याच्या थोडी वर लावली. या सगळ्या कामातला हा एकमेव खर्च, आणि सगळ्यात उपयोगी.

मग ओबीएसमध्ये वेबकॅमच्या सोर्सचं Properties उघडून Configure Video दाबलं. तिथे कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरची स्वतःची खिडकी उघडते. Camera Control च्या पानावर Exposure समोरची Auto ची खूण काढली. Low Light Compensation असेल तर तीही काढायची, तीच फ्रेम कमी करणारी. Exposure चा आकडा उणे असतो आणि एकेका पायरीला वेळ निम्मा होतो : -५ म्हणजे साधारण १/३२ सेकंद, -६ म्हणजे १/६४. -५ वर ३० फ्रेम मिळतात, पण द्रुत लयीत बोटांचा धूर होतो. -६ वर बोटं स्वच्छ दिसतात. जुन्या ट्यूबखाली मात्र -६ वर चित्रात आडवे पट्टे सरकत होते. ती बंद करून फक्त नवीन एलईडी ठेवली तर पट्टे गेले. त्याच खिडकीत PowerLine Frequency ६० हर्ट्झवर होती, ती आपल्या विजेप्रमाणे ५० केली.

सोर्सच्या Properties मध्ये Resolution/FPS Type हे Custom करून १२८०×७२० आणि ३० फ्रेम पक्के केले. Video Format मध्ये YUY2 निवडून पाहिलं, कारण ते दाबलेलं नसतं आणि उलगडण्याचा वेळ वाचेल असं वाटत होतं. पण ७२० च्या त्या चित्राला सेकंदाला ५५ मेगाबाइट लागतात, जवळजवळ यूएसबी २ ची सगळी कागदावरची क्षमता. कॅमेऱ्याने सरळ १० फ्रेमचाच पर्याय दिला. दाबलेल्या MJPEG वर परत आलो. Buffering हे Auto-Detect आणि Disable अशा दोन्हीवर मोजलं, माझ्या मोजणीत फरक दिसला नाही. Disable वर ठेवून दिलं.

अर्धा दिवस गेला यात. पण आता दुपारी आणि रात्री, दोन्ही वेळा चार फ्रेम. १३० कायम.

एक सावधगिरी : कॅमेऱ्याची वायर काढून परत लावली की काही वेळा Exposure पुन्हा Auto वर जातं. रेकॉर्डिंगच्या आधी ती खिडकी एकदा उघडून बघायची सवय लावली आहे.

१३ जुलै

१३० की १२० की १४०, यावर फार डोकं लावू नये. आयटीयू म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणासाठीच्या शिफारशीत आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला तर माणसाच्या लक्षात येऊ लागतो, पण मागे पडला तर सुमारे १२५ पर्यंत खपतो, असे आकडे आहेत. कारण रोजच्या जगण्यातलंच आहे. लांब कोणी धुणं आपटत असेल तर आधी दिसतं, मग ऐकू येतं. उलटं कधीच होत नाही. म्हणून मोजणीत शंका असेल तेव्हा थोडा जास्त आकडा घ्यावा, कमी घेऊ नये.

तासाभराचं रेकॉर्डिंग करून सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवली. दोन्हीकडे फरक तेवढाच. हे तपासणं गरजेचं होतं, कारण माइक आणि कॅमेरा यांची आपापली घड्याळं असतात. फरक हळूहळू वाढत जात असता तर Sync Offset कामाचा नव्हता; सुरुवात जुळवली की शेवट सुटला असता. विंडोजमध्ये माइक आणि ओबीएस दोन्ही ४८ किलोहर्ट्झवर आधीच ठेवले होते, ते तसेच ठेवा.

१५ जुलै : लेहरा

आज तीनतालाचा लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनात फिरत राहणारी धून, लावून वाजवायचं होतं. लेहरा लॅपटॉपवरच्या ॲपमध्ये, सर वायरच्या हेडफोनवर ऐकणार, ओबीएसमध्ये तो Desktop Audio मधून येणार. सरांनी द्रुत तीनताल वाजवला, समाधानाने उठले आणि रेकॉर्डिंग ऐकल्यावर माझ्याकडे बघत राहिले. तबला लेहऱ्याच्या मागे फरफटत होता. सम येऊन गेली की मग ‘धा’.

कारण उघड आहे. माइक १३० ने मागे सरकवला, लेहरा नाही. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. १३० म्हणजे अर्ध्या मात्रेहून जास्त. चित्राबरोबर आवाज जुळवण्यासाठी चालणारी चूक तालात अजिबात चालत नाही.

Desktop Audio समोरही १३० लिहिलं. खूपच सुधारलं. तरी सर म्हणाले, "अजून किंचित मागे आहे. मी असा वाजवत नाही." मला फरक कळत नव्हता, पण त्यांचा कान पन्नास वर्षांचा आहे, वाद घातला नाही.

१६ जुलै

सरांचं म्हणणं मोजून पाहिलं. लेहरा ॲपमधून निघतो तिथेच ओबीएस तो उचलतं. सरांच्या कानात मात्र तो थोडा उशिरा पोचतो, सर त्याच्यावर वाजवतात, आणि तो तबला माइकमधून आत यायला आणखी थोडा वेळ घेतो. या फेरीचा उशीर रेकॉर्डिंगमध्ये तबल्याच्या वाट्याला येतो.

मोजायची रीत सोपी आहे. Advanced Audio Properties मध्ये माइक फक्त ट्रॅक १ वर आणि Desktop Audio फक्त ट्रॅक २ वर ठेवला. Settings मध्ये Output, तिथे Advanced, आणि Recording मध्ये दोन्ही ट्रॅकना खूण. हेडफोनची एक वाटी माइकला चिकटवली, लॅपटॉपवर मेट्रोनोमचे ठोके लावले आणि थोडं रेकॉर्ड केलं. मग ffmpeg या कमांडने दोन्ही ट्रॅक वेगळे काढले :

```
ffmpeg -i chachani.mkv -map 0:a:0 mic.wav -map 0:a:1 desktop.wav
```

ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये दोन्ही एकाखाली एक उघडून झूम केलं. दोघांनाही १३० दिलेले असूनही माइकमधला ठोका Desktop Audio मधल्या ठोक्यानंतर ४५ मिलिसेकंदांनी येत होता. तोच सरांचा "किंचित". द्रुत लयीत तो मात्रेच्या सहाव्या हिश्शाएवढा होतो.

आता हा फरक माइकमधून वजा करायचा नाही, कारण माइक चित्राशी बांधलेला आहे. तो लेहऱ्यात मिळवायचा. माइक १३०, Desktop Audio १७५. परत तीच चाचणी : दोन्ही ठोके एकावर एक. त्यानंतर वाजवलेला तुकडा सरांनी समेवर मान हलवून मान्य केला.

हा ४५ माझ्या लॅपटॉपचा आणि वायरच्या हेडफोनचा आहे. सरांनी ब्लूटूथ लावला तर तो कितीतरी वाढेल, आणि रोज तेवढाच राहील याचीही खात्री नाही. म्हणून लेहऱ्यासाठी ब्लूटूथ बंद.

सरांच्या कपाटात लेहऱ्याचं जुनं इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे, स्वतःच्या स्पीकरवर वाजणारं. ते माइकपासून हातभर अंतरावर ठेवलं तर तबला आणि लेहरा एकाच माइकमधून जातात आणि १७५ ची भानगडच उरत नाही. मात्र मग लेहऱ्याचा आवाज नंतर कमी-जास्त करता येत नाही. सरांचा तोडगा आणखी सोपा : "पेटीवर कुणाला तरी बसव. तुझे मिलिसेकंद तो बघून घेईल."

१९ जुलै : दुसरा कॅमेरा

विद्यार्थ्यांना बोटं वरून दिसायला हवीत म्हणून एक जुना फोन पंख्याच्या हुकाला टांगला आहे. यूएसबीने जोडून एका ॲपमार्फत त्याचं चित्र ओबीएसमध्ये येतं. दोन सीन केले : एकात समोरचा वेबकॅम, एकात वरचा फोन.

फोनच्या सीनमध्ये टाळ्या मोजल्या तर चित्र आठ फ्रेम मागे, म्हणजे सुमारे २६७ मिलिसेकंद. मला वाटलं होतं या सीनमध्ये माइकला वेगळा आकडा देता येईल. देता येत नाही, कारण Sync Offset सीनचा नसतो, सोर्सचा असतो. एकाच माइकला एका सीनमध्ये १३० आणि दुसऱ्यात २६५ असं होत नाही. माइक दुसऱ्यांदा वेगळा सोर्स म्हणून घालून त्याला दुसरा आकडा द्यायचं करून पाहिलं. सीन बदलताना एक ‘धा’ दोनदा ऐकू आला, कारण तेवढ्यापुरते दोन्ही माइक चालू राहतात. सोडून दिलं.

जो कॅमेरा जास्त मागे, त्याच्याबरोबर सगळ्यांनी थांबायचं, हाच मार्ग निघाला. वेबकॅमच्या सोर्सवर उजवी क्लिक, Filters, तिथे Video Delay (Async) हा फिल्टर लावून १३३ लिहिले. आता वेबकॅमचा एकूण उशीर फोनएवढा झाला. माइकला १३० ऐवजी २६५, आणि लेहऱ्याचे ४५ जास्तीचे तसेच ठेवून Desktop Audio ३१०. सगळंच उशिरा जातंय, पण एकमेकांबरोबर जातंय. रेकॉर्डिंग बघणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

दोन्ही सोर्सच्या Properties मध्ये Deactivate when not showing ची खूण काढलेली आहे ना ते बघा. ती असेल तर सीन बदलला की कॅमेरा बंद होतो आणि परत आल्यावर नव्याने चालू होतो; नव्या सुरुवातीला उशीर एखाद्या फ्रेमने वेगळा असू शकतो, शिवाय मधे काळा पडदा दिसतो.

फोन तासभर चालला की तापतो. तापल्यावर टाळ्या पुन्हा मोजल्या तर आठच्या जागी नऊ-दहा फ्रेम येऊ लागल्या. ॲपमध्ये फोनचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० केलं आणि कव्हर काढून टाकलं, तेव्हा चार्जिंगची वायर लावलेली असूनही आठवर राहिला. तरीही लांब बैठकीत मधे एकदा टाळी वाजवून ठेवतो, नंतर कापून टाकता येते.

२२ जुलै

सर आठवड्यातून दोनदा मीटिंगच्या ॲपवर थेट शिकवतात. तिथेही हाच जुळवलेला संच वापरावा म्हणून ओबीएसचा Virtual Camera लावला. चित्र गेलं, पण आवाज पुन्हा पुढे. Virtual Camera फक्त चित्र नेतो. माइक मीटिंगच्या ॲपने थेट उचललेला असतो, त्याला ओबीएसमधल्या २६५ चा स्पर्शच होत नाही. उलट ओबीएसने चित्र आणखी थांबवलेलं, म्हणून आधीपेक्षाही वाईट.

आवाजही ओबीएसमधून फिरवून न्यायच्या वाटा आहेत, त्यासाठी लॅपटॉपवर आभासी ऑडिओ वायर बसवावी लागते. पण थेट शिकवणीत विद्यार्थ्याने वाजवलेलं सरांपर्यंत आधीच उशिरा येतं, त्यात आपण आणखी भर कशाला घालायची. थेट वर्गासाठी ओबीएस बंद, वेबकॅम सरळ मीटिंगच्या ॲपला. ती ॲप आपल्या परीने आवाज आणि चित्र जुळवतात, आणि तिथे सर बहुतेक वेळ बोलून दाखवतात.

२४ जुलै : आधीची रेकॉर्डिंग

सुरुवातीची, आवाज पुढे पळणारी रेकॉर्डिंग फेकायची नाहीत असं ठरलं. ती पुन्हा एन्कोड न करता दुरुस्त होतात. एकच फाइल दोनदा द्यायची, दुसरीला उशीर द्यायचा आणि चित्र पहिलीतून, आवाज दुसरीतून घ्यायचा :

```
ffmpeg -i juna.mkv -itsoffset 0.130 -i juna.mkv -map 0:v -map 1:a -c copy nava.mkv
```

इथे आकडा सेकंदांत आहे, मिलिसेकंदांत नाही. 130 लिहिलं तर आवाज दोन मिनिटं दहा सेकंदांनी सुरू होईल. `-c copy` मुळे चित्र आणि आवाज जसेच्या तसे राहतात, तासाची फाइलही काही सेकंदांत होते.

दुपारची रेकॉर्डिंग ०.१३० वर जुळली. रात्रीची, १५ फ्रेमवाली, ०.२१० वर बऱ्यापैकी जुळली. बोटं पुसट आहेत ती काही परत येणार नाहीत. लेहरा असलेलं पहिलं रेकॉर्डिंग मात्र असं सुटत नाही. त्यात माइक आणि लेहरा एकाच ट्रॅकवर मिसळले आहेत, त्यामुळे आवाज मागेपुढे केला तरी तबला लेहऱ्याच्या मागेच राहतो. तेव्हापासून दोघांना कायम वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करतो आणि मिसळलेला आवाज तिसऱ्या ट्रॅकवर. तो धडा सर रविवारी पुन्हा वाजवणार आहेत.